शेवटच्या फाट्यावरची पाटी: एका विसर्जन मिरवणुकीच्या रस्ताबंदीची सूचना

२०२४ साली अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला आली. मराठवाड्यात ही तारीख मुक्तिसंग्राम दिनाची. सकाळी स्मृतिस्तंभापाशी झेंडावंदन असतं, अधिकारी, शाळकरी पोरं, जुने स्वातंत्र्यसैनिक आणि त्यांच्या घरची माणसं जमतात. त्यात वार मंगळवार, आणि मी ज्या तालुक्याच्या गावाबद्दल लिहितोय तिथला आठवडी बाजार मंगळवारचाच. मोंढ्यात नवा मूग-उडीद यायला लागलेला. म्हणजे सकाळी झेंडावंदन, दिवसभर बाजार आणि दुपारपासून विसर्जनाची मिरवणूक, आणि हे सगळं एकाच मुख्य रस्त्यावर.

गावाचं नाव देत नाही. पुढे काही उणिवा येतील आणि त्या एखाद्या कार्यालयाच्या माथी मारणं हा या लेखनाचा हेतू नाही. मी या गावचा बातमीदार. गणेशोत्सवाच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते, तिथं बसणाऱ्यांपैकी एक. त्या वर्षी वाहतूक बदलाची सूचना लोकांना कळेल अशा भाषेत लिहून देण्याचं काम ठाण्याच्या निरीक्षक साहेबांनी माझ्याकडे दिलं. सूचना कशी तयार झाली, कुठे टिकली आणि कुठे कमी पडली, ते इथं मांडतो.

आधी गावाची ठेवण सांगतो. एक राज्यमार्ग गावाच्या मधून पूर्व-पश्चिम जातो. पश्चिमेचा संभाजीनगर बाजूचा, पूर्वेचा नांदेड बाजूचा. बसस्थानक याच रस्त्यावर, मोंढाही याच रस्त्याला लागून. उत्तरेला रेल्वेरूळ आणि रुळांपलीकडे उपजिल्हा रुग्णालय. रूळ ओलांडायला दोनच वाटा: एक भुयारी पूल आणि एक कालव्याच्या रस्त्यावरचं फाटक. मिरवणूक निघते जुन्या गावातल्या मारुती मंदिरापासून. गांधी चौकात ती मुख्य रस्त्याला लागते, मोंढ्यावरून शिवाजी चौकात येते, बसस्थानकासमोरून पुढे तळ्यावर जाते. साधारण अडीच किलोमीटर.

पहिला मसुदा आला तो दरवर्षीचाच होता. मिरवणुकीनिमित्त मुख्य मार्गावरील सर्व प्रकारच्या वाहनांची वाहतूक सकाळी ८ वाजेपासून मिरवणूक संपेपर्यंत बंद राहील, वाहनधारकांनी पर्यायी मार्गाचा अवलंब करावा व पोलीस प्रशासनास सहकार्य करावे. खाली सही, शिक्का. वर्तमानपत्रं हेच छापतात, मीही अनेकदा जसंच्या तसं पाठवलेलं आहे, कारण आदेशाची बातमी आदेशाच्याच शब्दांत देण्याचा प्रघात आहे.

या मजकुरात कायद्याच्या अंगाने खोट नव्हती. जिल्ह्यात असे आदेश बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३३(१)(ब) खाली निघतात, काही ठिकाणी मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ खाली. या कलम ११५ मध्ये एक तरतूद आहे जिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. बंदी एक महिन्यापेक्षा जास्त काळाची नसेल तर ती राजपत्रात छापण्याची गरज नाही, पण परिस्थितीनुसार शक्य असेल तेवढी स्थानिक प्रसिद्धी मात्र द्यायलाच हवी. म्हणजे एका दिवसाच्या रस्ताबंदीत लोकांना कळवणं हे आदेशाचंच अंग आहे. कायदा पाळायचा तर कळवण्याचं कामही तितक्याच नेटानं करावं लागतं.

आणि कळवण्याच्या अंगाने हा मसुदा जवळजवळ निरुपयोगी होता. चाळीस किलोमीटरवरून बाजाराला येणाऱ्या माणसाला 'मुख्य मार्ग' म्हणजे कुठून कुठपर्यंत, ते कळत नाही. 'पर्यायी मार्ग' कोणता, ते लिहिलेलंच नाही. 'मिरवणूक संपेपर्यंत' म्हणजे रात्री ९ की पहाटे २, यावर त्याला शेवटची एसटी धरायची की मुक्काम करायचा हे ठरवायचं असतं. मिरवणूक कुठून कुठे जाणार हे सूचना सांगते, पण प्रवाशाच्या डोक्यात मिरवणुकीचा नकाशा नसतो. त्याच्या डोक्यात असतं: मला अमुक ठिकाणाहून तमुक ठिकाणी, इतक्या वाजता जायचंय, जाता येईल का? सूचना या प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहायची, एवढं मी धरून चाललो. बाकीचं त्यातून निघत गेलं.

सर्वांत आधी वेळ. सकाळी ८ पासून अख्खा रस्ता बंद ठेवण्याला काही आधार आहे का, हे मला पाहायचं होतं. ठाण्यात आदल्या वर्षीच्या बंदोबस्ताची टिपणं होती. गांधी चौकातल्या हवालदारांनी कोणतं मंडळ किती वाजता चौकातून गेलं ते लिहून ठेवलेलं. त्यावरून दोन मंडळांमध्ये सरासरी पंधरा मिनिटांचं अंतर पडत होतं. या वर्षी परवानगी घेतलेली मंडळं २६. सव्वीस गुणिले पंधरा म्हणजे ३९० मिनिटं, साडेसहा तास. मिरवणुकीचं तोंड चौकात आल्यापासून शेपूट बाहेर पडेपर्यंत एवढा वेळ लागणार.

आता हे साडेसहा तास सगळीकडे एकाच वेळी सुरू होत नाहीत, आणि इथंच खरी मोकळीक सापडली. मंदिरापासून तोंड दुपारी १ वाजता निघणार. गांधी चौकात ते २ ला, शिवाजी चौकात साडेतीनला, बसस्थानकासमोर ५ ला येणार. शेपूट याच क्रमाने साडेसहा तास मागे: गांधी चौक साडेआठ, शिवाजी चौक रात्री १०, बसस्थानक साडेअकरा. याचा अर्थ बसस्थानकासमोरचा रस्ता दुपारी ३ पर्यंत उघडा ठेवता येत होता. सकाळी ८ ते ३, बाजाराच्या दिवशीचे सात तास, दरवर्षी विनाकारण बंद राहत आले होते. उलट बाजूला, जुन्या गावातला भाग रात्री ९ ला मोकळा होणार होता, तरी लोक पहाटेपर्यंत गाड्या बाहेरच लावून ठेवत.

म्हणून रस्त्याचे तीन टप्पे पाडले. पहिला, मारुती मंदिर ते गांधी चौक: दुपारी साडेबारा ते रात्री ९. दुसरा, गांधी चौक ते शिवाजी चौक, म्हणजे मोंढ्याचा भाग: दुपारी दीड ते रात्री साडेदहा. तिसरा, शिवाजी चौक ते बसस्थानक ते तळं: दुपारी ३ ते रात्री साडेबारा. झेंडावंदनासाठी स्मृतिस्तंभापुढचा तुकडा सकाळी साडेआठ ते दहा, तेवढाच. शेवटच्या टप्प्याची वेळ धरताना आवाजाचे नियमही लक्षात घ्यावे लागतात. ध्वनिक्षेपकाला रात्री १० ची मर्यादा आहे. वर्षातल्या ठरावीक दिवशी शासन ती १२ पर्यंत वाढवून देतं आणि अनंत चतुर्दशी सहसा त्या दिवसांत असते. बाराला वाद्यं थांबली की मागची मंडळं न रेंगाळता भराभर तळ्याकडे जातात. त्यामुळे १२ नंतरचा हिशेब पंधरा मिनिटांनी करायचा नसतो.

साहेबांची एक शंका रास्त होती. आदेशात एक वेळ आणि लोकांना दिलेल्या सूचनेत दुसरी, असं झालं तर उद्या अपघात झाल्यास उत्तर कोण देणार? त्यावर तोडगा असा निघाला की अधीक्षक कार्यालयाकडे आदेशातच तीन टप्पे आणि तीन वेळा मागायच्या, आणि 'गरजेनुसार बदल करण्याचे अधिकार प्रभारी अधिकाऱ्यास राहतील' हे वाक्य ठेवायचं. आदेश तसाच आला. आदेशाशी विसंगत सूचना कितीही सोपी लिहिली तरी ती नाक्यावरच्या शिपायाला बांधील नसते. तो आदेशाप्रमाणेच गाडी अडवणार. म्हणून भाषा सोपी करण्याआधी आदेश नीट करून घ्यावा लागतो.

मग पर्यायी मार्ग. जुन्या फायलीत 'भुयारी पूल मार्गे' असं लिहिलेलं होतं आणि ते वर्षानुवर्षं उतरवलं जात होतं. मिरवणुकीच्या तीन दिवस आधी आम्ही तिकडे गेलो. सोबत आगाराचे वाहतूक नियंत्रक आणि एक जुने चालक मामा होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला मराठवाड्यात धो-धो पाऊस झाला होता. भुयारी पुलात गुडघाभर पाणी साचलेलं, आणि पुलाच्या तोंडाशी उंचीचा आडवा लोखंडी बार.

मामांनी खाली उतरून पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, पाणी उपसलं तरी हितून एसटी जायची नाही. ह्या बारला टप लागतो. कागदावर कुणी लिव्हलं हे?"

पर्यायी मार्ग जाहीर करण्याआधी त्या मार्गावर पाठवायची असलेली सगळ्यात मोठी गाडी तिथून जाते का, हे बघणं ही माझ्या मते या कामातली सगळ्यात दुर्लक्षित पायरी आहे. दुचाकीवरून पाहणी केली की सगळे रस्ते चांगलेच दिसतात. एसटीला वळायला जागा लागते, ट्रकला मजबूत साइडपट्टी लागते. पावसाळ्यात काळ्या मातीची साइडपट्टी दाबली गेली की भरलेला ट्रक कलतो, आणि तो कलला की तो पर्यायी मार्गही बंद.

उरली कालव्याच्या रस्त्यावरची वाट. ती रुंदीला बरी होती, पण मध्ये रेल्वे फाटक. तिथल्या गेटमनशी बोललो. संध्याकाळी ४ ते ९ मध्ये फाटक किती वेळा आणि साधारण कधी पडतं, ते त्यांनी सांगितलं. गाड्या उशिरा धावल्या तर वेळ बदलते, हेही सांगितलं. म्हणून सूचनेत फाटकाच्या नेमक्या वेळा घातल्या नाहीत. 'या रस्त्यावर रेल्वे फाटक आहे, अर्धा तास जास्तीचा धरून निघा' एवढंच लिहिलं. वाटेत अडथळा आहे हे आधी माहीत असलं की माणूस रांगेत थांबतो. माहीत नसलं की गाडी फिरवतो, उलट्या दिशेने घुसतो, आणि अरुंद रस्त्यावर तेवढ्यानंच कोंडी होते.

पाहणीतून निघालेला दुसरा मुद्दा पाटीच्या जागेचा. दरवर्षी 'रस्ता बंद' ही पाटी शिवाजी चौकातल्या कठड्यापाशी लावली जायची. तिथं पोचलेल्या ट्रकवाल्याला ती वाचून उपयोग काय? दुपदरी रस्त्यावर त्याला वळवायला जागा नाही, मागे वीस गाड्या उभ्या. पाटी हवी ती जिथून दुसरा रस्ता घेता येतो त्या शेवटच्या फाट्यावर. पश्चिमेकडून येणाऱ्याला असा फाटा गावाच्या अलीकडे तीन किलोमीटरवर, कालव्याचा रस्ता फुटतो तिथं. पण तो हलक्या गाड्यांसाठी आणि एसटीसाठी. मोठ्या मालवाहू गाड्यांना कालव्याचा रस्ता झेपणार नव्हता, त्यांना जिथून राज्यमार्ग सोडून दुसरा मोठा रस्ता धरता येईल असा फाटा चौदा किलोमीटर अलीकडे. पूर्वेच्या बाजूला असाच फाटा शेजारच्या ठाण्याच्या हद्दीत. त्यांना पत्र गेलं: मंगळवारी दुपारी १ पासून तिथं पाटी आणि एक माणूस हवा.

या सगळ्यातून जो मजकूर झाला तो असा:

मंगळवार, १७ सप्टेंबर २०२४. गणेश विसर्जन. वाहतुकीतील बदल.
(ही सूचना रविवारी, १५ सप्टेंबरला संध्याकाळी ६ वाजता दिली आहे.)

बाजाराला येणाऱ्यांसाठी: सकाळी नेहमीप्रमाणे या. मोंढ्यातून गाडी, टेम्पो, बैलगाडी दुपारी १ च्या आत बाहेर काढा. दीड ते रात्री साडेदहा मोंढ्याचा रस्ता बंद.

एसटीने जाणाऱ्यांसाठी: दुपारी ३ पर्यंत गाड्या बसस्थानकातूनच सुटतील. ३ नंतर संभाजीनगर बाजूच्या गाड्या आयटीआयच्या मैदानातून, नांदेड बाजूच्या गाड्या बाजार समितीच्या नव्या आवारातून. बसस्थानकात ३ नंतर गाडी मिळणार नाही.

गावातून न थांबता पुढे जाणाऱ्या कार व जीप: दुपारी दीड ते रात्री साडेबारा कालव्याच्या रस्त्याने. भुयारी पुलात पाणी आहे, तिकडे जाऊ नका. कालव्याच्या रस्त्यावर रेल्वे फाटक आहे, अर्धा तास जास्तीचा धरा.

ट्रक, टँकर व मोठ्या गाड्या: दुपारी १ ते रात्री साडेबारा गावात येऊ नका. मोठ्या फाट्यावरून वळा.

दवाखान्यात जाणाऱ्यांसाठी: रुग्ण खासगी गाडीत असला तरी नाक्यावर सांगा, सोडतील. शिवाजी चौकातून जाऊ नका, कालव्याच्या रस्त्याने रुग्णालयाच्या मागच्या गेटने जा. १०८ ची गाडी मागे उभी आहे.

जुन्या गावात राहणाऱ्यांसाठी: गाडी लागणार असेल तर दुपारी १२ च्या आत शाळेच्या मैदानावर आणून लावा. रात्री ९ नंतर रस्ता मोकळा होईल.

खाली ठाण्याचा दूरध्वनी क्रमांक आणि आदेशाचा क्रमांक. आदेशाची कलमं पाटीवर नाहीत, सूचनेत शेवटी एका ओळीत. लोक पहिल्या दोन ओळी वाचतात. त्यात 'ज्याअर्थी' असेल तर पुढचं वाचलं जात नाही.

रुग्णांच्या ओळीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. आदेशात रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाड्यांना सूट असतेच. पण खेड्यावरून बाळंतपणाला निघालेली बाई बऱ्याचदा शेजाऱ्याच्या जीपमध्ये येते. तिची गाडी कागदावरच्या सुटीत बसत नाही आणि नाक्यावरच्या तरुण शिपायाला निर्णय घ्यायचं बळ नसतं. म्हणून 'खासगी गाडीत असला तरी' हे शब्द मुद्दाम घातले आणि बंदोबस्ताच्या सूचनेतही तेच वाक्य वाचून दाखवायला सांगितलं. शिवाय सूट म्हणजे वाट नव्हे. ढोलपथक आणि हजारभर माणसं समोर असताना सूट असलेली रुग्णवाहिकाही चौकातून निघत नाही. सुटीसोबत त्या गाडीला कोणत्या रस्त्याने जायचं ते सांगावंच लागतं.

मजकूर पोचवण्याचं काम वेगळंच होतं. वर्तमानपत्रात तो सोमवारी आला, पण बाजाराला येणाऱ्यांपैकी फार थोडे त्या दिवशीचा पेपर पाहतात. खेड्यांपर्यंत सगळ्यात पक्की पोचणारी साखळी म्हणजे पोलीस पाटील. ठाण्यात त्यांचा व्हॉट्सअॅप गट असतो, आणि पाटील देवळातल्या भोंग्यावरून सांगतो ते अख्खं गाव ऐकतं. मोंढ्यात आडत्यांना सांगितलं, कारण शेतकरी माल आणायच्या आधी आडत्याला फोन करतो. हमालांच्या मुकादमाला सांगितलं, कारण १ वाजता माप थांबवायचं तर हमाल तयार हवेत. शाळांच्या व्हॅनवाल्यांना वेगळं, आणि एसटीच्या वाहकांना वेगळं, म्हणजे सोमवारच्या फेऱ्यांमध्ये ते तिकीट फाडताना तोंडी सांगतील.

रिक्षावरच्या भोंग्यासाठी तोच मजकूर वाचता येत नाही. रिक्षा घरासमोरून दहा-पंधरा सेकंदांत जाते. भोंग्यावर एकच वाक्य ठेवलं, तेही भागाप्रमाणे बदलून. जुन्या गावात: "उद्या मंगळवारी, गाडी लागणार असेल तर बारा वाजायच्या आत शाळेच्या मैदानावर लावा." बसस्थानकाच्या भागात: "उद्या दुपारी तीननंतर एसटी स्टँडवर गाडी मिळणार नाही, संभाजीनगर बाजू आयटीआय मैदान, नांदेड बाजू बाजार समिती." ज्याला जे लागतं तेवढंच.

मोबाइलवरच्या नकाशाचाही विचार केला. त्यात रस्ता बंद असल्याची नोंद कुणालाही पाठवता येते, पण ती तपासली गेल्यावरच दिसते, आणि आपल्या वेळेच्या आत ती दिसेल याची हमी नसते. तोवर नकाशा बाहेरगावच्या कारवाल्याला सरळ शिवाजी चौकातच आणणार. आम्ही नोंद पाठवली, पण भरवसा फाट्यावरच्या पाटीवर ठेवला आणि पाटीवर शेवटी एक ओळ घातली: नकाशा सरळ दाखवत असला तरी इथंच वळा.

मंगळवारी सकाळ सुरळीत गेली. झेंडावंदन झालं, दहाच्या सुमारास स्तंभापुढचा रस्ता खुला झाला, बाजार भरला. पहिली अडचण अकराला समोर आली आणि ती आमच्या मजकुरातली नव्हती. आदल्या वर्षीच्या सूचनेचं चित्र कुणीतरी पुन्हा पुढे पाठवलं होतं, 'सकाळी ८ पासून रस्ता बंद' असं लिहिलेलं. त्यावर तारीख होती ती खाली बारीक अक्षरात, वार नव्हता. ते पाहून दोन-तीन गावांतले टेम्पो आलेच नाहीत, आणि काही आलेले शेतकरी माल न उतरवता परत निघाले. ईदची मिरवणूक जुलूस कमिटीने पुढच्या दिवसांत ठेवली होती, त्यामुळे त्या आठवड्यात दोन वेगवेगळ्या रस्ताबंदीच्या सूचना फिरत होत्या आणि गोंधळ वाढायला तेवढं पुरलं. आमच्या चित्रावर वार, तारीख आणि सूचना दिल्याची वेळ मोठ्या अक्षरात वरच होती, म्हणून पोलीस पाटलांच्या गटात 'वर मंगळवार लिहिलंय तेच खरं' एवढं सांगून भागलं. जुना संदेश मागे घेता येत नाही, पण नवा लगेच ओळखू यावा एवढी सोय आधीच करून ठेवता येते.

दुपारी तोंड १ ऐवजी पावणेदोनला निघालं. क्रमावरून दोन मंडळांत बोलाचाली झाली, मग एकाचा ट्रॅक्टर बंद पडला. शिवाजी चौकात तोंड साडेतीनऐवजी पावणेपाचला आलं. बसस्थानकासमोर तीनला रस्ता बंद करायचा होता, आणि अजून तर मिरवणूक मोंढ्यापर्यंतही नव्हती. आगाराचे लोक म्हणू लागले की रस्ता मोकळा आहे तर साडेचारपर्यंत गाड्या इथूनच सोडू. ते ऐकायला बरं वाटत होतं, पण लोकांना ३ सांगितलं होतं आणि लोक त्याप्रमाणे आयटीआयच्या मैदानावर जाऊन बसले होते. एसटीचं ठिकाण ठरलेल्या वेळीच बदललं. कारसाठी मात्र रस्ता चारपर्यंत चालू ठेवला. त्यानं कुणाचं बिघडलं नाही, कारण बंद सांगितलेला रस्ता उघडा मिळाला तर माणसाचा फक्त थोडा वेळ वाचतो.

उघडण्याच्या वेळेचं उलट आहे. रात्री साडेदहाला मोंढा मोकळा होईल असं सांगितलं आणि तो साडेअकराला झाला, तर त्या भरवशावर निघालेला माणूस कठड्यापाशी तास काढतो, आणि पुढच्या वर्षी सूचनेवर विश्वास ठेवत नाही. म्हणून बंद करण्याची वेळ जाहीर केल्याच्या आधी कधीच येऊ द्यायची नाही, आणि उघडण्याची वेळ हिशेबापेक्षा थोडी पुढची सांगायची. आम्ही अर्धा तास पुढची सांगितली होती. तो अर्धा तास पुरणार नव्हता. रात्री ८ वाजता तीन चौकांतल्या हवालदारांकडून किती मंडळं गेली ते घेतलं. गांधी चौकातून तोवर एकोणीस गेली होती, म्हणजे सात उरली, म्हणजे आणखी पावणेदोन तास. सव्वाआठला बदललेली सूचना गेली: जुनं गाव ९ ऐवजी सव्वादहा, मोंढा साडेदहाऐवजी साडेअकरा, बसस्थानक साडेबाराऐवजी १. वर पुन्हा वार, तारीख आणि 'रात्री ८.१५ वाजता दिलेली'. त्या वेळा पाळता आल्या. बारानंतर वाद्यं थांबली आणि बसस्थानकासमोरचा रस्ता एकच्या थोडा आधीच मोकळा झाला.

मोठी चूक पूर्वेकडून झाली. शेजारच्या हद्दीतल्या फाट्यावरची पाटी दुपारी १ ऐवजी चारच्या पुढे लागली. पत्र गेलं होतं, पोचलंही होतं, पण त्या दिवशी त्यांचाही बंदोबस्त होता आणि फाट्यावर उभं करायला माणूस नव्हता. मधल्या वेळेत आलेले ट्रक गावाच्या पूर्व टोकाला येऊन थांबले. वळायला जागा नाही, म्हणून रस्त्याच्या कडेला ओळीने उभे. त्यामुळे नांदेड बाजूच्या ज्या एसटी बाजार समितीच्या आवारातून सुटायच्या होत्या त्यांनाच बाहेर पडायला त्रास झाला. शेवटी ट्रक बाजार समितीच्या आवारात घेतले आणि एसटी पलीकडच्या पेट्रोल पंपापासून सोडल्या. ही सूचना लोकांना तोंडीच द्यावी लागली. तिथे उभ्या वाहकांनी दीड तास ओरडून ओरडून माणसं वळवली.

या प्रसंगावरून मला वाटतं की हद्दीबाहेरच्या फाट्यासाठी पत्रावर विसंबू नये. पाटी इथूनच तयार करून पाठवावी, लावल्याचा फोटो ठरलेल्या वेळेच्या आत ठाण्यात यावा, आणि तो आला नाही तर इथला माणूस तिकडे पाठवावा. तिथवर जाणं म्हणजे अर्ध्या तासाची धाव. ट्रक गावाच्या टोकाला आल्यावर त्याला परत फिरवायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

जुन्या गावाचा प्रश्न मात्र सूचनेने सुटण्यासारखा नाही. तिथल्या गल्ल्यांतून बाहेर पडायला मिरवणुकीच्या रस्त्याखेरीज वाट नाही. दुपारी साडेबारापासून रात्री सव्वादहापर्यंत तिथल्या घरांतून एकही चारचाकी निघू शकत नव्हती. गाड्या आधी मैदानावर लावल्या, तरी आजारी माणसाला गर्दीतून तिथपर्यंत न्यायचं कसं? त्या रात्री दम्याच्या एका आजोबांना मंडळाच्या पोरांनी खुर्चीवर बसवून, हाताची साखळी करून गांधी चौकाच्या बाजूला आणलं, तिथून १०८ ने नेलं. पुढच्या बैठकीत याचा विषय मी मांडला: दर तीन मंडळांमागे पाच मिनिटांची मोकळी जागा सोडायची, आणि त्या जागेतून स्ट्रेचर नेता यावं म्हणून मंडळाचे चार स्वयंसेवक नेमून द्यायचे. दोन मंडळांनी लगेच होकार दिला. बाकीच्यांचं म्हणणं पडलं की मध्ये जागा सोडली की मागचं पथक पुढे घुसतं. ते खरंही आहे.

तीन चौकांतल्या हवालदारांची त्या दिवशीची टिपणं, मंडळागणिक वेळेसह, आता फायलीत लावून ठेवली आहेत. सव्वीस मंडळांची सरासरी या वेळी पंधराऐवजी सतरा मिनिटांवर गेली.